मायक्रॉनचा हिशेब : कॅलिब्रेशनच्या परीक्षेतले आठ प्रश्न

लेथवरून उतरलेल्या शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने मोजतात. ड्रॉइंगवर दिलेल्या मर्यादेत तो बसला तर पुढे जातो, नाही बसला तर बाजूला ठेवला जातो. पण ज्या मायक्रोमीटरच्या शब्दावर हा निर्णय झाला, तो स्वतः किती खरं सांगतो? हे तपासणाऱ्या माणसाला कॅलिब्रेशन टेक्निशियन म्हणतात. चाकण, पिंपरी, नाशिक, कोल्हापूर अशा पट्ट्यांत वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत आणि त्यांच्या गेज रूममधून दरवर्षी शेकडो साधनं या तपासणीला जातात. या कामाचं एक नावाजलेलं प्रमाणपत्र ‘अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी’ ही संस्था देते. ‘सर्टिफाइड कॅलिब्रेशन टेक्निशियन’ असं त्याचं नाव. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते.

या परीक्षेत ट्रेसेबिलिटी, अनिश्चितता आणि टॉलरन्स या तीन संज्ञांवर बरेच विद्यार्थी अडखळतात. व्याख्या पाठ असतात, पण प्रश्नात तिन्ही एकत्र आल्या की एकीचं काम दुसरीच्या गळ्यात पडतं. म्हणून इथे सरावासाठी आठ प्रश्न घेतले आहेत आणि ते सगळे एकाच मायक्रोमीटरभोवती रचले आहेत. मायक्रोमीटर डिजिटल आहे, ० ते २५ मिलिमीटर मोजतो, लीस्ट काउंट ०.००१ मिलिमीटर, म्हणजे एक मायक्रॉन. कारखान्याने त्याला ±४ मायक्रॉनची चूक मान्य केलेली आहे. त्याची तपासणी स्लिप गेजने, म्हणजे नेमक्या लांबीच्या पोलादी ठोकळ्यांनी करायची आहे.

प्रश्न १. ट्रेसेबिलिटी हा कशाचा गुण आहे?
अ) साधनाचा  ब) प्रयोगशाळेचा  क) मोजमापाच्या निकालाचा  ड) प्रमाणपत्राचा

उत्तर : क.

‘आमचा मायक्रोमीटर ट्रेसेबल आहे’ असं कारखान्यात सर्रास बोललं जातं, त्यामुळे ‘अ’ हा पर्याय अगदी ओळखीचा वाटतो. मोजमापशास्त्राचा आंतरराष्ट्रीय शब्दकोश मात्र हा गुण निकालाला देतो. त्याची तिसरी आवृत्ती २००८ साली आली आणि २०१२ साली तिच्यात किरकोळ दुरुस्त्या झाल्या. त्या व्याख्येचा आशय असा : निकालाचं नातं एखाद्या संदर्भाशी जोडता आलं पाहिजे, ते कॅलिब्रेशनच्या अखंड आणि कागदोपत्री नोंदलेल्या साखळीतून जोडलेलं असलं पाहिजे, आणि साखळीतली प्रत्येक कडी अनिश्चिततेत आपली भर घालते.

आपल्या मायक्रोमीटरची साखळी खालून वर वाचू. मायक्रोमीटर तपासला कारखान्याच्या स्लिप गेजने. ते स्लिप गेज तपासले मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने, स्वतःच्या वरच्या दर्जाच्या मास्टर गेजशी तुलना करून. त्या मास्टरची साखळी पोचते नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत किंवा दुसऱ्या एखाद्या देशाच्या तशाच संस्थेपर्यंत. तिथे मीटर उभा केला जातो तो स्थिर केलेल्या लेसर किरणाच्या तरंगलांबीवरून, कारण १९८३ सालापासून मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगाला बांधलेली आहे : प्रकाश निर्वात पोकळीत १/२९९७९२४५८ सेकंदात जितकं अंतर कापतो तितकं.

साधन ट्रेसेबल असतं असं मानलं की एक मोठी चूक पोटात शिरते. कालच कॅलिब्रेट झालेला मायक्रोमीटर आज सिमेंटच्या फरशीवर पडला, त्याचे मोजणारे पृष्ठभाग तिरके झाले, तर प्रमाणपत्र तसंच राहतं; पण आज घेतलेल्या मोजमापाचं त्या साखळीशी असलेलं नातं तुटलेलं असतं.

प्रश्न २. प्रमाणपत्रावर ‘राष्ट्रीय मानकांशी ट्रेसेबल’ असं वाक्य आणि राष्ट्रीय संस्थेचा रिपोर्ट नंबर आहे, पण अनिश्चितता दिलेली नाही. ट्रेसेबिलिटी सिद्ध होते का?
अ) हो, नंबर आहे म्हणून  ब) हो, प्रयोगशाळा नामांकित असेल तर  क) नाही  ड) फक्त एक वर्षापुरती होते

उत्तर : क.

व्याख्येतली शेवटची अट आठवली की उत्तर आपोआप येतं. प्रत्येक कडीची अनिश्चितता कळली नाही, तर खालच्या कडीचा हिशेबच मांडता येत नाही. नंबर फार तर इतकंच सांगतो की वरच्या कुठल्या तरी संस्थेने कधी तरी काही तरी तपासलं होतं. अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था, एनआयएसटी, हिने तर स्पष्ट म्हटलं आहे की तिचे चाचणी अहवालांचे क्रमांक ट्रेसेबिलिटीचा पुरावा म्हणून वापरू नयेत आणि मागूही नयेत.

मग पुरावा म्हणून काय पाहायचं? निकाल, त्याच्यासमोर अनिश्चितता, ती किती विश्वास-पातळीला आणि कोणत्या गुणकाने दिली आहे ते, आणि कोणता मास्टर वापरला याची ओळख. शिवाय त्या प्रयोगशाळेची क्षमता कोणी तरी बाहेरून तपासलेली असावी लागते. भारतात ही मान्यता एनएबीएल देते, आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकानुसार. इथेही एक बारकावा आहे. मान्यता संपूर्ण प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. ठरावीक राशी, ठरावीक पल्ला आणि ठरावीक अनिश्चितता यांच्या यादीला मिळते. लांबीसाठी मान्यता असलेल्या प्रयोगशाळेने दिलेलं दाबाचं प्रमाणपत्र त्या यादीत नसेल, तर ते मान्यतेच्या छत्राखाली येत नाही.

प्रश्न ३. तपासणीला आलेला मायक्रोमीटर स्पिंडल बंद केल्यावर शून्याऐवजी +६ मायक्रॉन दाखवतो. टेक्निशियन आधी शून्य जुळवतो, मग वाचनं घेतो आणि तेवढीच नोंदवतो. काय चुकलं?
अ) शून्य जुळवायचंच नव्हतं  ब) जुळवण्यापूर्वीची स्थिती नोंदवली नाही  क) काही चुकलं नाही  ड) आधी मायक्रोमीटर रद्द करायला हवा होता

उत्तर : ब.

कॅलिब्रेशन म्हणजे मास्टरची किंमत आणि साधनाने दाखवलेली किंमत यांचं नातं, अनिश्चिततेसह, प्रस्थापित करणं. जुळवाजुळव, दुरुस्ती ही त्याच्यापुढची वेगळी पायरी. म्हणून ‘कॅलिब्रेशन केलं’ म्हणजे ‘साधन ठीक केलं’ असं गृहीत धरणारा पर्याय परीक्षेत दिसला की तो खोडायचा.

जुळवण्यापूर्वीची नोंद एवढी का जपायची? साधन परत येईल तेव्हा नीटच असेल, त्यामुळे पुढच्या कामाची काळजी नाही. प्रश्न मागच्या कामाचा आहे. ऑपरेटर रोज सकाळी शून्य पाहून घेत असेल तर बचावला. पाहत नसेल, तर मागच्या तपासणीनंतर कधी तरी हा मायक्रोमीटर सरकला आणि तेव्हापासून मोजलेला प्रत्येक शाफ्ट सहा मायक्रॉन जाड दिसला. त्यातले किती शाफ्ट खरं तर बारीक होते आणि तरीही ग्राहकाकडे गेले, हे शोधायचं असेल तर ही एकच नोंद कामी येते. ती न घेता शून्य केलं की पुरावा पुसला गेला. म्हणून चांगल्या प्रमाणपत्रात ‘आला तेव्हा’ आणि ‘दिला तेव्हा’ असे दोन रकाने असतात.

प्रश्न ४. मायक्रोमीटर २०.२ मिलिमीटरच्या स्लिप गेजवर सरासरी २०.२०३६ मिलिमीटर दाखवतो. प्रमाणपत्रानुसार स्लिप गेजची लांबी २०.२००० आहे. ३.६ मायक्रॉनचा हा फरक म्हणजे काय?
अ) अनिश्चितता  ब) टॉलरन्स  क) चूक  ड) लीस्ट काउंट

उत्तर : क. मायक्रोमीटर या ठिकाणी +३.६ मायक्रॉन जास्त दाखवतो.

चुकीला आकडा असतो आणि चिन्ह असतं. म्हणून ती कळली की वजा करता येते : मायक्रोमीटर २०.२०३६ दाखवतो तेव्हा खरी लांबी २०.२००० च्या आसपास आहे. अनिश्चितता वजा करता येत नाही. ती सांगते की हे ‘आसपास’ किती रुंद आहे. तिला अधिक-उणे दोन्ही बाजू असतात. चूक मोठी आणि अनिश्चितता लहान असू शकते. साधन चुकतं, पण नेमकं किती चुकतं हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं. उलट चूक शून्य आणि अनिश्चितता मोठी असेल, तर ते शून्य फारसं भरवशाचं नसतं.

प्रश्नात २० ऐवजी २०.२ मिलिमीटरचा ठोकळा का, असंही मनात येईल. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच सहसा अर्धा मिलिमीटर असतो. ५, १०, १५, २० अशा पूर्ण मिलिमीटरच्या ठोकळ्यांवर तपासलं तर दर वेळी स्क्रू फेऱ्यातल्या त्याच जागी थांबतो आणि फेऱ्यातल्या बाकीच्या जागांवरचा दोष कधीच नजरेस पडत नाही. म्हणून मायक्रोमीटरच्या खास संचात २.५, ५.१, ७.७, १०.३ असे अपूर्णांकी ठोकळे ठेवलेले असतात. २०.२ त्याच रांगेतला.

प्रश्न ५. यातला टाइप बी प्रकारचा घटक कोणता?
अ) दहा वाचनांच्या विखुरलेपणातून काढलेला  ब) स्लिप गेजच्या प्रमाणपत्रातून घेतलेला  क) यदृच्छया होणारा कोणताही  ड) वारंवार मोजणीच्या सरासरीचा

उत्तर : ब.

अनिश्चितता कशी मांडायची याची जगभर मान्य असलेली मार्गदर्शिका १९९३ साली प्रसिद्ध झाली. तंत्रज्ञ तिला ‘गम’ म्हणतात. टाइप ए आणि टाइप बी ही विभागणी तिच्यातली. वाचनं पुन्हापुन्हा घेऊन संख्याशास्त्राने काढला तो टाइप ए. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळाला तो टाइप बी : प्रमाणपत्र, उत्पादकाने दिलेली माहिती, लीस्ट काउंट, तापमानाची मर्यादा, अनुभव.

परीक्षक सापळा लावतो तो ‘क’ मध्ये. बरेच जण ए म्हणजे यदृच्छ आणि बी म्हणजे ठरावीक दिशेचा दोष असं पाठ करतात. ‘गम’मधली विभागणी दोषाच्या स्वभावावरून केलेली नाही. घटकाचा आकडा आपण कसा मिळवला, यावरून केलेली आहे. म्हणूनच एके काळी टाइप ए असलेला आकडा पुढे टाइप बी होतो. वरच्या प्रयोगशाळेने स्लिप गेज दहा वेळा मोजून काढलेला विखुरलेपणा तिच्यासाठी टाइप ए होता; तोच प्रमाणपत्रात मिसळून आपल्याकडे आला की आपल्यासाठी टाइप बी.

प्रश्न ६. पुढील माहितीवरून विस्तारित अनिश्चितता काढा.
वाचनं दहा : सहा वेळा २०.२०४, चार वेळा २०.२०३. स्लिप गेजची अनिश्चितता ०.१० मायक्रॉन, गुणक २. लीस्ट काउंट १ मायक्रॉन. मायक्रोमीटर आणि स्लिप गेज यांच्या तापमानात जास्तीत जास्त अर्धा अंश फरक.
अ) ०.३४ मायक्रॉन  ब) ०.५७ मायक्रॉन  क) ०.६८ मायक्रॉन  ड) १.१४ मायक्रॉन

उत्तर : क.

आधी चारही घटक एकाच मापात, म्हणजे प्रमाण अनिश्चिततेत आणायचे. वाचनांचं प्रमाण विचलन ०.५२ मायक्रॉन येतं. आपण दहांची सरासरी वापरतो, म्हणून त्याला दहाच्या वर्गमुळाने भागायचं : ०.१६. स्लिप गेजचा आकडा गुणक २ ने आधीच फुगवलेला आहे, म्हणून त्याला दोनने भागून मूळ रूपात आणायचं : ०.०५. लीस्ट काउंट एक मायक्रॉन असताना खरी किंमत दिसणाऱ्या अंकाच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मायक्रॉनच्या आत कुठेही सारख्याच शक्यतेने असू शकते. अशा आयताकृती वितरणासाठी अर्ध्याला तीनच्या वर्गमुळाने भागतात : ०.२९.

राहिलं तापमान. लांबीच्या मोजमापाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, म्हणजे २०.२ मिलिमीटरचा ठोकळा अर्ध्या अंशाला ०.१२ मायक्रॉन वाढतो. इथेही आयताकृती वितरण धरून तीनच्या वर्गमुळाने भागलं की ०.०७.

आता हे चार आकडे सरळ बेरजेने जोडायचे नाहीत. सगळे दोष एकाच वेळी, एकाच दिशेने आणि पूर्ण ताकदीने येण्याची शक्यता फार कमी, म्हणून वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ. वर्ग अनुक्रमे ०.०२५६, ०.००२५, ०.०८४१ आणि ०.००४९, बेरीज ०.११७१, वर्गमूळ ०.३४. ही संयुक्त प्रमाण अनिश्चितता. जवळपास ९५ टक्के विश्वासासाठी तिला दोनने गुणलं की ०.६८. प्रमाणपत्रावर ती ०.७ मायक्रॉन अशी छापता येईल.

चुकीचे पर्याय कसे तयार झाले तेही पाहावं. ‘अ’ निवडणारा दोनने गुणायला विसरला, ‘ब’ निवडणाऱ्याने सरळ बेरीज केली आणि ‘ड’ निवडणाऱ्याने सरळ बेरीज करून वर दोनने गुणलं. आकडेमोडीच्या प्रश्नात पर्याय असे ठरावीक चुकांवरूनच बेतलेले असतात. म्हणून आपलं उत्तर पर्यायांत सापडलं एवढ्यावरून ते बरोबर आहे असं मानू नये.

या हिशेबातून खरी शिकवण वेगळीच मिळते. स्लिप गेजचा घटक पूर्ण काढून टाकला तरी ०.३४ चा आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत तोच राहतो. म्हणजे आणखी महागडे स्लिप गेज आणून इथे काहीच हाती लागणार नाही. सगळ्यात मोठा वाटा लीस्ट काउंटचा आहे आणि तो मायक्रोमीटरच्या अंगचाच आहे. मात्र तापमानाला हलकं लेखू नये. शॉप फ्लोअरवरून ३० अंशांचा मायक्रोमीटर आणून लगेच २० अंशांच्या स्लिप गेजवर लावला, तर दहा अंशांच्या फरकाने २.३ मायक्रॉनची चूक येते. म्हणजे मान्य मर्यादेच्या निम्म्याहून जास्त. ती ओळखण्याची खूण अशी की वाचनं इकडेतिकडे न विखुरता एकाच दिशेने सरकत जातात. ती थांबेपर्यंत साधन आणि ठोकळा एकाच फरशीवर ठेवून वाट पाहणं हाच उपाय.

प्रश्न ७. मान्य मर्यादा ±४ मायक्रॉन आणि विस्तारित अनिश्चितता ०.७ मायक्रॉन असेल, तर टेस्ट अनसर्टन्टी रेशो किती?
अ) २.९ : १  ब) ५.७ : १  क) ११.४ : १  ड) ४० : १

उत्तर : ब.

आतापर्यंत टॉलरन्स बाजूला ठेवला होता, कारण तो मोजमापातून येतच नाही. तो कोणी तरी ठरवतो. शाफ्टचा टॉलरन्स डिझायनर ठरवतो, बेअरिंग कसं बसलं पाहिजे यावरून. मायक्रोमीटरची मान्य चूक उत्पादक, मानक किंवा कारखाना ठरवतो. अनिश्चितता कितीही चांगली झाली तरी टॉलरन्स हलत नाही आणि टॉलरन्स सैल केल्याने अनिश्चितता कमी होत नाही.

हे गुणोत्तर त्या दोघांची तुलना करतं : टॉलरन्सची पूर्ण रुंदी भागिले विस्तारित अनिश्चिततेची दुप्पट. म्हणजे ८ भागिले १.४, उत्तर ५.७. पूर्ण रुंदी वर घेतली आणि खाली दुप्पट करायला विसरलं की ११.४ येतं, वर अर्धीच रुंदी आणि खाली दुप्पट घेतली की २.९. आणि ज्याने फक्त स्लिप गेजची ०.१ मायक्रॉन अनिश्चितता धरली, तो ४० वर पोचतो. हा शेवटचा सापळा प्रत्यक्ष कामातही फसवतो. आपला मास्टर इतका उत्तम, मग काळजी कसली, असं वाटतं. पण प्रश्न ६ मध्ये आपण पाहिलं की अनिश्चिततेचा मोठा भाग मास्टरमधून आलेलाच नव्हता.

हे गुणोत्तर ४ : १ किंवा त्याहून जास्त असावं ही उद्योगातली जुनी वहिवाट. अमेरिकेच्या २००६ सालच्या झेड ५४०.३ या मानकाने पाऊल पुढे टाकलं : चुकीने पास होण्याची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, आणि ती काढणं व्यवहार्य नसेल तिथे ४ : १ पाळावं.

प्रश्न ८. चूक +३.६ मायक्रॉन, मान्य मर्यादा ±४, अनिश्चितता ०.७. निर्णयाचा नियम असा ठरला आहे की अनिश्चिततेएवढा गार्ड बँड ठेवायचा. निकाल काय?
अ) निःसंशय पास  ब) निःसंशय नापास  क) मर्यादेत दिसतो, पण स्वीकाराच्या मर्यादेबाहेर  ड) गुणोत्तर ४ पेक्षा जास्त आहे म्हणून पास

उत्तर : क.

गार्ड बँड म्हणजे टॉलरन्सच्या रेषेच्या आत आखलेली दुसरी रेषा. ४ मधून ०.७ वजा केले की स्वीकाराची मर्यादा ३.३ येते. ३.६ ही चूक ३.३ आणि ४ यांच्यामधल्या पट्ट्यात पडली. तिचा खरा आकडा ४ च्या पलीकडे असण्याची शक्यता किती? ३.६ पासून ४ पर्यंतचं अंतर ०.४, प्रमाण अनिश्चितता ०.३४, म्हणजे रेषा सव्वापटीहूनही कमी अंतरावर आहे. सामान्य वितरण धरून, फक्त या मोजमापाच्या आधारावर, ही शक्यता साधारण १२ टक्के निघते. गार्ड बँड अनिश्चिततेएवढा ठेवला, तर स्वीकारलेल्या निकालामागची ही शक्यता अडीच टक्क्यांच्या वर जात नाही. नियम गार्ड बँडविना असता तर हाच मायक्रोमीटर पास लिहिला गेला असता.

म्हणून ‘ड’ नीट वाचा. गुणोत्तर ५.७ आहे, वहिवाटीच्या ४ पेक्षा चांगलं. तरीही हा निकाल शंकेच्या पट्ट्यात आला. गुणोत्तर पद्धतीची लायकी सांगतं. समोरच्या साधनाचा निकाल मर्यादेपासून किती लांब आहे, हे त्यातून कळत नाही.

२०१७ सालच्या आयएसओ/आयईसी १७०२५ ने याचसाठी बजावलं आहे की पास-नापास लिहायचं असेल तर निर्णयाचा नियम आधी ग्राहकाबरोबर ठरवावा आणि अहवालात नमूद करावा. निकाल हाती आल्यावर सोयीचा नियम निवडला, तर तो नियम राहत नाही.

आता या मायक्रोमीटरचं पुढे काय? तो २०.२ जवळ जास्त दाखवतो, म्हणजे शाफ्ट असतो त्यापेक्षा जाड दिसतो आणि खालच्या मर्यादेपेक्षा बारीक शाफ्ट त्याच्या हातून पास होण्याचा धोका आहे. कारखान्यापुढे तीन वाटा आहेत. जुळवून पुन्हा कॅलिब्रेट करायचा. या पल्ल्यात दर वेळी दुरुस्ती वजा करून वापरायचा. किंवा ज्या भागांचा टॉलरन्स सैल आहे तेवढ्यासाठीच ठेवायचा. दुसरी वाट कागदावर स्वस्त दिसते, पण प्रत्येक पाळीतल्या प्रत्येक ऑपरेटरला वजाबाकी लक्षात ठेवावी लागते, म्हणून ती फार दिवस टिकत नाही.

परीक्षेला बसणाऱ्याने प्रश्न वाचताना आधी एवढंच विचारावं : हा प्रश्न साखळीबद्दल आहे, शंकेच्या रुंदीबद्दल आहे, की कोणी तरी आखलेल्या मर्यादेबद्दल? त्यानंतरच आकड्यांना हात घालावा. निम्मे चुकीचे पर्याय तिथेच गळतात. आणि जे परीक्षेला बसणार नाहीत, पण ज्यांच्या कारखान्यात किंवा दुकानात कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रं फाइलला लागतात, त्यांनी पुढचं प्रमाणपत्र आल्यावर शिक्का आणि पुढच्या तपासणीची तारीख पाहून थांबू नये. निकालासमोर अनिश्चितता लिहिली आहे का, ‘आला तेव्हा’ची वाचनं आहेत का आणि पास कोणत्या नियमाने ठरवलं, हे तीन मुद्दे तपासावेत. यातला एकही गाळलेला असेल तर प्रमाणपत्र परत पाठवून तो मागून घ्यावा.